अर्धा स्लॅब झाला की रिकाम्या गोण्या मोजा

आमच्या पहिल्या घराचा स्लॅब 600 चौरस फूट, जाडी 5 इंच. म्हणजे 250 घनफूट, साधारण 7 घनमीटर. एम-20 काँक्रीटला घनमीटरमागे 8 गोण्या धरून अंदाजपत्रकात 57 गोण्या होत्या, बीमच्या वेगळ्या. अर्धा स्लॅब झाल्यावर बायकोने रिकाम्या गोण्या मोजल्या. “अरे, 22च भरतायत, 28 हव्या होत्या ना?”

आधी सळई खुपसून जाडी पाहिली, ती बरोबर होती. मग मिक्सरपाशी थांबलो. वाळू-खडी मापाच्या फरम्याऐवजी शिगोशीग घमेल्यांनी, म्हणजे गोणीमागे जास्तच, पडत होती. लगेच 35 लिटरचा फरमा लावला: गोणीमागे दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी. झालेल्या भागाचं इंजिनिअरला तेव्हाच कळवलं. संध्याकाळी मोजलं असतं, तर सगळाच स्लॅब तसा गेला असता.