बेसिक घटलं की पीएफ, ग्रॅच्युइटीचं काय होतं?

एकूण पगार तोच, ६०,००० रुपये. पण बेसिक ३०,००० वरून १८,००० केलं. पूर्ण बेसिकवर १२ टक्के पीएफ कापला जात असेल, तर तुमचा हप्ता ३,६०० वरून २,१६० होतो आणि कंपनीचाही तेवढाच घटतो. म्हणून कंपनीचे वाचलेले १,४४० रुपये भत्त्यांत आले का, हे आधी पाहा. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच असेल, तर १,८०० रुपयेच राहतो.

ग्रॅच्युइटीला अशी वेतनमर्यादा नाही: शेवटचं बेसिक × १५/२६ × वर्षं. दहा वर्षांचे १,७३,०७७ रुपये या हिशेबाने १,०३,८४६ वर येतात. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या श्रम संहितेत वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरतात. त्यानंतर नोकरी सोडताना हिशेब केवळ १८,००० वर आला, तर एचआरकडे लेखी विचारणा करा.