खप सवलतीमुळे वाढला की जाहिरातीमुळे?

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या टेबलावर चहा पावडरीच्या विक्रीचे आकडे येऊन पडले. दिवाळीच्या सेलमध्ये खप जवळपास दुप्पट झाला होता. मार्केटिंगवाले म्हणत, जाहिरातीची कमाल. सेल्सवाले म्हणत, सवलतीची. मी उत्साहात तीन वर्षांच्या आठवडावार आकड्यांवर रिग्रेशन, म्हणजे कुठल्या कारणाचा किती परिणाम हे आकड्यांवरून काढणारं गणित, चालवलं. सवलतीचा परिणाम भलामोठा निघाला आणि जाहिरातीचा चक्क उणे. एक आठवडा वगळून पाहिला, तर दोघांची अदलाबदल!

आकडे असे उलटेपालटे होऊ लागले की समजावं, दोन्ही गोष्टी कायम जोडीनंच आलेल्या आहेत. आमच्याकडे सवलत नसताना जाहिरात कधी झालीच नव्हती. जुन्या आकड्यांत नसलेलं उत्तर कुठल्याही सूत्रातून निघत नाही.

पुढच्या दिवाळीला साहेबांनी परवानगी दिली. सारख्या खपाची गावं निवडून चिठ्ठ्या टाकल्या आणि चार गट केले: काहीच नाही, फक्त सवलत, फक्त जाहिरात, दोन्ही. सांगली आणि मिरज मुद्दाम एकाच गटात ठेवली, कारण एका गावातली जाहिरात दुसऱ्या गावात दिसणारच. आकडे वितरकाला पाठवलेल्या मालाचे घेतले नाहीत, दुकानाच्या गल्ल्यावरचे घेतले. स्कीम लागली की वितरक गोदाम भरून ठेवतो. त्याला खप म्हणत नाहीत.

सोयीसाठी आकडे गोल करून सांगतो. आधी प्रत्येक गटात आठवड्याला १००० पाकिटं जात. सेलच्या आठवड्यात काहीच न केलेल्या गटात ११०० गेली. ही नुसती दिवाळी. फक्त जाहिरातीच्या गटात १२००, फक्त सवलतीच्या गटात १६०० आणि दोन्हींच्या गटात १९००. म्हणजे दिवाळीचे १०० वजा केल्यावर जाहिरातीचे १००, सवलतीचे ५००. पण दोन्हींचे मिळून ८०० भरतात. वरचे २०० कुणाचे? सवलत आहे हे जाहिरातीनं सांगितलं म्हणून आलेली ही गिऱ्हाइकं. ती अर्धी-अर्धी वाटून टाकायचा मोह मला झाला होता. वाटू नका, 'एकत्र असल्यामुळे' असं स्वतंत्र लिहा. जाहिरात बंद केली तर हे २००ही जातील, आणि सवलत काढली तरी जातील.

जाहिरातीच्या १०० वर मात्र मी फार जोर दिला नाही. साध्या आठवड्यांतही गटाचा खप ऐंशी-नव्वदनं वरखाली होतच होता.

चूक केली ती वेगळीच. सेल संपल्यावर मोजणी थांबवणार होतो. एका अनुभवी सहकाऱ्यानं टोकलं, "अरे, चहा नासत नाही. लोकांनी घरात भरून ठेवला असेल." पुढचे दोन आठवडे मोजले. काहीच न केलेल्या गटात पुन्हा आठवड्याला हजार, फक्त सवलतीच्या गटात आठवड्याला साडेआठशे. दोन आठवड्यांची तूट ३००. म्हणजे सवलतीच्या ५०० पैकी ३०० पाकिटं पुढच्या महिन्यातून उसनी आणलेली होती, तीही कमी भावात.


अहवालात सवलतीपुढे मी २०० लिहिले. सेल्सवाले आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.