संमतीच्या घटस्फोटात या चुका टाळा

दोघेही राजी आहेत म्हणजे सहा महिन्यांत सुटका, असं बहुतेकांना वाटतं. पण महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत अशा याचिकाही अडकतात आणि कारण बहुधा भांडणाचं नसतं. ते याचिकेच्या कागदात असतं. इथे लिहिलंय ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब बद्दल.

पहिली चूक तारखांची. याचिका दाखल करण्याआधी किमान एक वर्ष दोघं वेगळे राहत असायला हवेत. एकाच घरात राहूनही नवरा-बायको म्हणून न राहणं ‘वेगळं’ धरलं जाऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये स्पष्ट केलं आहे. तसं असेल तर याचिकेत साफ लिहा. दोघांच्या आधारवर एकच पत्ता आणि याचिकेत त्याबद्दल अवाक्षर नाही, मग न्यायाधीशांनी विचारलं की धांदल उडते.

याचिका दाखल झाली की सहा महिने थांबायचं, मग दोघांनी हजर राहून संमती कायम असल्याचं सांगायचं. हे 18 महिन्यांच्या आत व्हायला हवं. सहा महिने माफ होऊ शकतात, पण मागितल्याबरोबर मिळत नाहीत. 2017 च्या अमरदीप सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने निकष दिले: याचिकेआधीच दीड वर्षाचं वेगळेपण, समेटाचे प्रयत्न फसलेले, पोटगी आणि मुलांचा ताबा यांसह सगळं मिटलेलं, आणि थांबण्यातून फक्त मनस्ताप वाढणार. पुढे 2021 मध्ये हे निकष मार्गदर्शक आहेत, प्रत्येक प्रकरण पाहून ठरवावं, असंही म्हटलं गेलं. तरी दीड वर्ष भरलेलं असेल तर युक्तिवाद सोपा होतो.

समजा, पुण्यातलं एक जोडपं 20 ऑगस्ट 2023 पासून वेगळं राहतंय. त्यांनी 10 जानेवारी 2025 ला याचिका टाकली. वर्ष कधीच उलटलं होतं, पण दीड वर्ष 20 फेब्रुवारीला भरणार होतं. घाईमुळे माफीचा अर्ज सुरुवातीलाच लंगडा झाला. माफी नाही मिळाली तर त्यांना 10 जुलैपर्यंत थांबावं लागणार. जेमतेम सहा आठवडे उशिरा आले असते तर ही अडचण उरली नसती. वकिलाकडे जाण्याआधी ही वजाबाकी घरीच करून पाहा.

सगळ्यात जास्त घोळ तडजोडीच्या अटींत होतो. ‘दोघांचे कोणतेही दावे उरले नाहीत’ या वाक्यावर भागवणारे मसुदे मी पाहिले आहेत आणि पुढे दुखणी तिथूनच उगवतात. वरच्याच जोडप्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांचं. अटीत लिहिलं, ‘फ्लॅट पत्नीला’. पण बँक त्या तडजोडीत पक्षकार नाही, त्यामुळे नवऱ्याची कर्जाची जबाबदारी आपोआप सुटत नाही. कर्ज एकटीच्या नावावर करायला बँक तिचं उत्पन्न तपासणार आणि नकारही देऊ शकते. म्हणून बँकेशी आधी बोला आणि हप्ते कोणी भरायचे, हक्कसोडपत्राची नोंदणी कधी आणि कोणाच्या खर्चाने करायची, हे सगळं अटीतच लिहा.

एकरकमी पोटगीच्या रकमेइतकंच तिच्या हप्त्यांना महत्त्व आहे. विशेषतः पत्नीच्या छळाचा गुन्हा दाखल असेल तर, मग तो जुन्या दंड संहितेच्या कलम 498अ खालचा असो की जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खालचा. तो घटस्फोटासोबत आपोआप मिटत नाही, रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात वेगळी याचिका लागते आणि तिथे पत्नीचं संमतीचं शपथपत्र लागतं. नवरा म्हणतो, आधी गुन्हा रद्द होऊ दे, मग पैसे. ती म्हणते, आधी पैसे. महिने यातच जातात. त्यापेक्षा पहिला हिस्सा याचिका दाखल करताना, दुसरा अंतिम जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, उरलेला गुन्हा रद्द होताना, असा क्रम लिहून ठेवा.

मुलांच्या बाबतीत ‘भेटीचा हक्क राहील’ एवढं पुरत नाही. कोणता शनिवार-रविवार, दिवाळी-मेच्या सुट्टीची वाटणी, शाळेची फी, पासपोर्टवरच्या सह्या हे सगळं लिहा. आईने मुलाची पोटगी कायमची सोडली असं लिहून घेण्याचा आग्रह तर धरूच नका. मुलाचा हक्क पालकांच्या तडजोडीने संपत नाही आणि ताब्याच्या अटीही पुढे कोर्ट बदलू शकतं.

हुकूमनामा होईपर्यंत कोणीही एकतर्फी संमती मागे घेऊ शकतं. म्हणून दुसऱ्या टप्प्याला एक पक्ष गैरहजर राहिला तर त्याची संमती गृहीत धरता येत नाही, तारीख पुढे जाते. एक जण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आणि व्हिडिओवरून जबाबाची परवानगी आधीच मागा, ऐन तारखेला नाही.

राहिली किरकोळ बाब. लग्नाच्या दाखल्यावर, आधारवर आणि याचिकेत नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असेल तर सुरुवातीलाच शपथपत्र जोडा. नाहीतर हुकूमनाम्यात चूक उतरते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.