आराखड्याची वही: ग्रामसभेआधी काय काय हाताशी पाहिजे

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याचा विषय निघाला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "औंदा किती आल्यात?" आकडा कळला की कामं सांगायला माणसं कमी पडत नाहीत. मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. आराखडा शेवटी माझ्याच हातानं ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर चढतो, त्यामुळे कुठला रकाना कुठे अडकतो हे मला पाठ झालंय. रकाने चारच आहेत: गरज, प्राधान्य, खर्च, जबाबदार यंत्रणा. २०२५-२६ च्या आराखड्याला आम्ही जी तयारी केली ती सांगतो. त्यातलं बरंचसं आधीच्या वर्षी चुकून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी वेळ बघा. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि पुढचे दोन-तीन महिने चालते. कागदावर हे सोयीचं वाटतं. पण आमच्या भागातली निम्मी गरज ज्या वस्त्यांवर असते, तिथली माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, गाडी आली की घराला कुलूप. डिसेंबरातल्या ग्रामसभेला वस्तीवरचं कोणीच नव्हतं आणि वस्तीची गरज गावठाणातल्या लोकांनी सांगितली, असं आमच्याकडे एकदा झालंय. म्हणून वस्त्यांची शिवारफेरी टोळ्या निघायच्या आत उरका. बाकीचं मागून करता येतं.

फेरीला निघण्याआधी टेबलावर चार कागद घ्या: मागच्या वर्षीचा आराखडा, त्यातल्या अपूर्ण कामांची यादी, बँकेचं पासबुक भरून आणलेलं, आणि गावात दुसऱ्या शीर्षांतून मंजूर असलेल्या कामांची यादी. शेवटचा कागद मिळवायला खेटे घालावे लागतात, पण तो सोडू नका. ग्रामविकासच्या २५-१५ मधून, आमदार निधीतून, जनसुविधेतून किंवा दलित वस्ती सुधारमधून कुठली गल्ली मंजूर आहे हे माहीत नसलं की तीच गल्ली आपणही धरतो. आमची एक गल्ली अशी दोनदा धरली गेली होती. त्यांचं काँक्रिट आधी पडलं आणि आपले पैसे वर्षभर त्या नावावर अडकून राहिले.

आता गरजेचा रकाना. इथं थोडं थांबतो, कारण सगळा आराखडा इथंच बिघडतो. लोक गरज सांगत नाहीत, काम सांगतात. "टाकी पाहिजे", "पेव्हर ब्लॉक पाहिजे", "हायमास्ट पाहिजे." आपणही तेच लिहून घेतो. वहीत उलट करा. डाव्या पानावर त्रास लिहा: कुणाला, कुठं, कधीपासून, किती. उजवं पान कोरं ठेवा. काम तिथं नंतर येईल.

आमच्या एका वस्तीवर ४८ घरं आणि २३० माणसं. घरोघर नळ बसलेत. गावाच्या उंच टाकीतून एक वाहिनी वस्तीपर्यंत जाते, तिथं ५,००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी आहे आणि तिच्यातून नळांना पाणी सुटतं. मागणी एकच होती, वस्तीला स्वतंत्र उंच टाकी. अंदाजानं कोणी दहा लाख म्हणायचं, कोणी पंधरा. फेरीत एक आक्का म्हणाल्या, "टाकी बांधून काय करता ओ? हाय तीच कधी भरलेली बघितली नाही." ते वाक्य मी डाव्या पानावर जसंच्या तसं लिहिलं.

मग तपासायला बसलो. जलजीवनचा हिशोब माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. २३० माणसांना १२,६५० लिटर लागतं, म्हणजे ती प्लॅस्टिकची टाकी दिवसात अडीच वेळा भरायला हवी. प्रत्यक्षात रात्रभर पाणी सोडूनही ती निम्मी भरत होती. दुसऱ्या रात्री पाणी सोडणाऱ्या तात्यांना सांगून वाटेतल्या दोन गल्ल्यांचा एकत्र व्हॉल्व्ह बंद ठेवला आणि घड्याळ लावून बसलो. टाकी एक तास चाळीस मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला ५० लिटर, आणि वस्तीची दिवसाची गरज सव्वाचार तासांत भागते. गावात पाणी होतं, ते वाटेत संपत होतं. त्या गल्ल्यांत नळाला मोटारी लावलेल्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. पण तसं आराखड्यात कोण लिहिणार?

हे केलं नसतं तर नवी टाकी बांधून तीही रिकामीच राहिली असती. कोरं ठेवलेलं पान आता भरता आलं: वस्तीची पाळी वेगळी करण्यासाठी तीन व्हॉल्व्ह चेंबरसह, गळका साडेतीनशे मीटरचा पाइप बदलणे, आणि पाणी सोडण्याचं वेळापत्रक. मात्र ही मोजणी ऑक्टोबरातली आहे. मार्चनंतर आमची उद्भव विहीरच उतरते आणि तेव्हा व्हॉल्व्ह कितीही फिरवले तरी उपयोग नाही. म्हणून "उन्हाळ्यात विहिरीला पाणी पुरत नाही" ही गरज वेगळ्या ओळीवर लिहिली. दोन त्रास एका ओळीत घातले की दोन्हींची यंत्रणा चुकते.

प्राधान्य हात वर करून ठरवू नका. ज्याचा आवाज मोठा त्याचं काम वर जातं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, ती नावापुरती न घेता तिथं प्रत्येकीला तीन चिंचोके दिले. भिंतीला टेकवून दहा गरजांची चित्रं ठेवली, समोर दहा वाट्या. जिला जे वाटेल तिथं तिनं टाकायचं, तिन्ही एका वाटीत टाकले तरी चालतील. पाण्याच्या वाटीतून चिंचोके खाली सांडले. हायमास्टच्या वाटीत चार होते. हा आकडा नंतर ग्रामसभेत वाचून दाखवला तेव्हा हायमास्टवाले गप्प बसले. सगळं एवढं सरळ होत नाही. मंदिरासमोरच्या पेव्हर ब्लॉकला चौथा क्रमांक द्यावाच लागला.

खर्चाकडे वळण्याआधी पैशाला कुठं बांध घातलाय ते बघा. १५व्या वित्त आयोगात २०२१ पासूनच्या वर्षांना ६० टक्के निधी बंधित आणि ४० टक्के अबंधित होता. बंधितातला अर्धा पिण्याच्या पाण्याला आणि अर्धा स्वच्छतेला. हिशोब कळावा म्हणून वर्षाचे १२ लाख धरा. ३ लाख ६० हजार पाण्याला, तेवढेच स्वच्छतेला, आणि उरलेले ४ लाख ८० हजार बाकी सगळ्याला. त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. म्हणजे भांडण ज्या रस्त्यांवरून होतं, त्यांच्या वाट्याला पाच लाखसुद्धा नाहीत. हे फळ्यावर लिहून ग्रामसभेत लावलं तर निम्मी मागणी आपोआप खाली बसते. आयोग बदलला की टक्केवारी बदलू शकते, त्यामुळे त्या वर्षाचं परिपत्रक हातात असल्याशिवाय फळा लिहू नका. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणाचे १० आणि दिव्यांगांचे ५ टक्के यांच्या ओळीही आताच पाडून ठेवा.

रकमा अंदाजानं टाकू नका. त्या वर्षीच्या दरसूचीवर कनिष्ठ अभियंत्यांकडून कच्चं अंदाजपत्रक काढून घ्या. आमच्या व्हॉल्व्ह आणि पाइपचं काम आम्ही सव्वा लाखात बसवलं होतं. साहेबांनी खोदाई, जीएसटी, एक टक्का कामगार उपकर आणि विमा धरून पावणेदोन लाख केले. पन्नास हजारांचा फरक. सव्वा लाखच टाकले असते तर तांत्रिक मान्यतेच्या वेळी काम परत आलं असतं. वरच्या १२ लाखांच्या हिशोबानं पाण्याच्या बंधितातून १ लाख ८५ हजार उरले, ते विहिरीच्या वरच्या अंगाला पुनर्भरणासाठी ठेवले.

चौथा रकाना सगळ्यांना फालतू वाटतो, आणि नको तिथं सरसकट "ग्रामपंचायत" लिहिलं जातं. एकेका ओळीला विचारा: याला मान्यता कोण देणार, करणार कोण, आणि झाल्यावर सांभाळणार कोण? व्हॉल्व्हचं काम ग्रामपंचायत करेल, तांत्रिक मान्यता ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या उपविभागाची, सांभाळ पुन्हा ग्रामपंचायतीचा. पुनर्भरण कुठं घ्यायचं हे सांगणार भूजल सर्वेक्षण यंत्रणा, म्हणून त्यांचं पत्र आधी. पंपाला दाब कमी मिळतो हे महावितरणचं. गावाबाहेरचा रस्ता ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा, प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकामचा, आपले पैसे तिथं लागतच नाहीत. जे आपल्या हातात नाही ते आराखड्यात पैसे न लावता मागणी म्हणून ठेवा, वेगळा ठराव करा आणि त्या खात्याची पोच फाइलला लावा. पोच नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो कमी तो आकडा. आमचे मतदार १,९०० च्या आसपास, म्हणजे शंभर. पहिल्या दिवशी बहात्तरच आले आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषयही घेता येत नाही. म्हणून पहिल्याच नोटिशीत सगळे विषय पूर्ण लिहा.

मग माझं काम. संकेतस्थळावर काम जसं नोंदवाल तसं ते वर्षभर राहतं, आणि जे मंजूर आराखड्यात नाही त्याचं बिल निघत नाही. "पाइपलाइन करणे" असं मोघम नाव नको. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, कुठल्या वस्तीला, ते लिहा, नाहीतर मोजमापाला आलेले साहेब आणि आपण वेगवेगळ्या गल्लीत उभे राहतो. काम सुरू होण्याआधीचा फोटो जागेच्या नोंदीसह घ्या. खड्डा बुजला की तो मिळत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेब दोघांच्या डिजिटल सहीची मुदत आधीच बघा. आषाढीत भाऊसाहेबांची ड्युटी पंढरपूरला लागते आणि नेमकी तेव्हाच सही संपलेली असते.

काम झालं. वस्तीची टाकी आता पहाटेच्या पाळीत भरते. व्हॉल्व्हची चावी दोघांकडे आहे, एक तात्यांकडे, एक कार्यालयात. चेंबरला कुलपाचं लोखंडी झाकण धरायचं मात्र राहून गेलं होतं. दुसऱ्याच महिन्यात कोणीतरी रात्री व्हॉल्व्ह फिरवून गेलं. ते झाकण पुरवणी आराखड्यात घ्यावं लागलं.