सोनोग्राफीत काही दिसत नाही, मग बीटा एचसीजीचे आकडे कसे वाचायचे?

लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आली, पण योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात दिसत नाही आणि बाहेरही नाही. अशा वेळी तीन शक्यता असतात: दिवस फार कमी आहेत, गर्भ आपोआप संपत चालला आहे, किंवा तो गर्भनलिकेत अडकला आहे. यातलं काय, हे रक्तातल्या बीटा एचसीजी या गर्भधारणेच्या संप्रेरकाच्या एका आकड्यावरून कळत नाही. रिपोर्टखाली छापलेला आठवड्यांचा तक्ताही इथे उपयोगाचा नाही, कारण त्यातल्या मर्यादा फारच रुंद असतात.

पहिलं रक्त दिलं की वेळ लिहून ठेवा. दुसरं बरोबर 48 तासांनी, त्याच लॅबमध्ये द्या. लॅब बदलली की यंत्र बदलतं आणि तेच रक्त वेगळा आकडा दाखवू शकतं. घाईने 36 तासांनीच दिलं, तर चांगली वाढही मंद भासते.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. समजा, सोमवारी सकाळी 9 वाजता 620 आणि बुधवारी 9 वाजता 880 आलं. 880 भागिले 620 म्हणजे 1.42, अर्थात 42 टक्के वाढ. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनानुसार वाढ 63 टक्क्यांहून जास्त असेल, तर गर्भ गर्भाशयात असण्याची शक्यता अधिक. 7 ते 14 दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. आकडा निम्म्याहून खाली घसरला, तर गर्भ टिकण्याची शक्यता कमी. 14 दिवसांनी लघवीची चाचणी करतात. आपलं उदाहरण या दोन्हींच्या मधे पडतं. काळजीची जागा हीच. 24 तासांच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. आकडा थोडाफार वाढतोय म्हणून निर्धास्त होणं ही इथली नेहमीची चूक.

उलट चूकही होते. आकडा 2000 ओलांडूनही सोनोग्राफीत काही दिसलं नाही, की लगेच 'नळीतला गर्भ' म्हणून गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्झेटचं इंजेक्शन सुचवलं जातं. जुळं असेल तर आकडा मोठा आणि सोनोग्राफीत काहीच नाही, असं होऊ शकतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना म्हणूनच ही सीमा 3500 इतकी वर ठेवायला सांगते. हव्या असलेल्या गर्भावर हे औषध घातक ठरतं, तेव्हा तब्येत स्थिर असेल तर आणखी एक रक्त, आणखी एक सोनोग्राफी मागायला संकोचू नका.

हा भागाकार गर्भ वाढतोय का एवढंच सुचवतो. कुठे आहे ते सांगत नाही. नळीतला गर्भही कधीकधी झकास वाढ दाखवतो, आणि आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते. म्हणून पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर किंवा भोवळ आली, तर 48 तास पुरे व्हायची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही तिथे आधीच सांगा.