कॉस्टिकवर चुंबक सुटत होतं : माझा अनुभव

हिंगणघाटजवळच्या आमच्या सरकी तेलाच्या रिफायनरीत ४८ टक्के कॉस्टिक सोड्यासाठी सील नसलेला मॅग्नेटिक पंप बसवला. त्यात मोटर बाहेरचं चुंबक फिरवते आणि त्याच्या ओढीने आतलं चुंबक व त्याला जोडलेलं पंपाचं चाक, म्हणजे इम्पेलर, फिरतं. पाण्यावर तो दिवसभर छान चालला. कॉस्टिक भरलं आणि दहा मिनिटांत गेज शून्यावर! मोटर मात्र पूर्ण वेगाने फिरत होती, अँपिअर एकदम कमी. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, इम्पेलर तुटला." मी उघडून पाहिलं, तर तो शाबूत होता.

मग हिशोब केला. पाण्यावर शाफ्टला १.७ किलोवॅट लागत होते. २९०० फेऱ्यांना टॉर्क ९५५० × १.७ ÷ २९००, म्हणजे ५.६ न्यूटन-मीटर. कॉस्टिक पाण्याच्या दीडपट जड, म्हणून ८.४. या दोन चुंबकांच्या कपलिंगची मर्यादा ८! त्यापुढे बाहेरचं चुंबक आतल्याला सोडून पुढे निघून जातं आणि मोटर पूर्ण थांबवल्याशिवाय पुन्हा धरत नाही. तसंच फिरू दिलं तर चुंबकं तापून कायमची कमजोर होतात, म्हणून मी लगेच बंद केला.

दुसऱ्या दिवशी इम्पेलर १३० वरून ११५ मिलिमीटर करून घेतला. टॉर्क साधारण ५.८ वर आला. दाब पाचव्या भागाने घटला, पण आमची टाकी खालीच आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा दाबूनही भार कमी झाला असता, पण रात्रपाळीत कुणीतरी तो पूर्ण उघडणारच.