पोस्टरं अनेक, मूळ फाइल एक: फॉन्ट, रंग आणि लोगो जागेवर कसे ठेवावेत

आमचा आकाशनिरीक्षणाचा एक छोटा गट आहे. दर महिन्याला एक कार्यक्रम होतो, त्याचं पोस्टर जो मोकळा असेल तो करतो. एकदा मागची सहा पोस्टरं शेजारीशेजारी लावून पाहिली, तर ती सहा वेगवेगळ्या संस्थांची वाटत होती. निळा रंग चार प्रकारचा होता आणि अक्षरं पाच वळणांची. लोगो दोन ठिकाणी पांढऱ्या चौकटीत अडकलेला, एका ठिकाणी आडवा ताणलेला. प्रत्येक पोस्टर सुटं पाहिलं तर वाईट नव्हतं. चूक इतकीच होती की दर वेळी सगळं नव्याने निवडलं जात होतं. त्यानंतर आम्ही जे केलं ते इथे क्रमाने सांगतो. यातलं कुठलंच साधन विकत घ्यावं लागत नाही. लोगोसाठी इंकस्केप आणि रोजच्या पोस्टरसाठी कॅनव्हाची मोफत आवृत्ती एवढं पुरतं.

आधी फॉन्ट ठरवा

सुरुवात रंगापासून करावीशी वाटते, पण मराठी पोस्टर फसतं ते बहुधा अक्षरात. कॅनव्हातले बहुतेक तयार नमुने रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. त्यात मराठी मजकूर चिकटवला आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर साधन तक्रार करत नाही. गुपचूप दुसराच कुठला तरी देवनागरी फॉन्ट वापरतं. वर नाव एका फॉन्टचं दिसतं आणि अक्षरं दुसऱ्याची असतात.

हे ओळखायची सोपी खूण आहे. मजकूर निवडून ओळीने तीन-चार फॉन्ट बदलून पाहा. इंग्रजी अक्षरं बदलतात पण मराठी जशीच्या तशी राहतात, म्हणजे त्या फॉन्टांत देवनागरी नाही.

आम्ही `Mukta` घेतला. तो गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, त्याचा परवाना छपाईसह सगळ्या वापराला चालतो आणि त्यात देवनागरी व रोमन दोन्ही एकमेकांना जुळतील अशी काढलेली आहेत. हे शेवटचं फार उपयोगाचं आहे, कारण पोस्टरवर एखादा वेबपत्ता किंवा इंग्रजी नाव आलं की तेही त्याच वळणात बसतं. त्याची जाडी सात प्रकारची आहे. आम्ही दोनच वापरतो: मथळ्याला `Bold`, बाकी सगळ्याला `Regular`. दुसरा फॉन्ट ठेवलाच नाही. मथळा आणि मजकूर यांतला फरक आकाराने आणि जाडीने पुरेसा कळतो.

तुम्ही कुठलाही फॉन्ट निवडा, पण त्याआधी त्यात हे वाक्य टाकून पाहा: «लाल शाळेतल्या दुसऱ्या क्षितिजाचा ॲटलस, ज्ञान आणि कर्तृत्व». ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट जुळतो का, ॲ दिसतो की त्या जागी रिकामी चौकट येते, ‘तृत्व’ एकमेकांत घुसत नाही ना, हे बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर तोही इथेच तपासा. काही फॉन्टांत हे आकार फक्त मजकुराची भाषा मराठी ठेवली तरच येतात, आणि तशी सोय प्रत्येक साधनात नसते. कोणाकडून जुना मजकूर आला आणि तो चिकटवल्यावर निरर्थक रोमन अक्षरं उमटली, तर तो युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा सरळ पुन्हा टाइप करा. त्यासाठी जुना फॉन्ट आणून बसवू नका.

आता अक्षरांमधल्या अंतराबद्दल. तयार नमुन्यांतल्या मथळ्यांना बरेचदा अंतर वाढवून दिलेलं असतं. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत त्याने शिरोरेषाच तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ‘आकाशदर्शन’ हा एक शब्द न राहता सुट्या अक्षरांची रांग होते. म्हणून `Letter spacing` नेहमी शून्यावर ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र रोमनपेक्षा जास्त लागतं, कारण वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार असतात. आम्ही `Line spacing` १.३५ ठेवतो. त्याहून कमी केलं की वरच्या ओळीतला ‘पू’ खालच्या ओळीतल्या ‘कै’ला टेकतो.

रंग तीन, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं

रंग डोळ्याने जुळवायचा नाही, त्याचा क्रमांक लिहून ठेवायचा. आमचे तीन रंग असे: गडद निळा `#1B3A5C`, सायीसारखा पांढरट `#FFF8E7` आणि नारिंगी `#E07A1F`. कॅनव्हात रंगाच्या खिडकीत हा क्रमांक एकदा टाकला की तो त्या फाइलच्या `Document colors` मध्ये दिसत राहतो, मग पुढच्या माणसाला तिथूनच उचलता येतो. इंकस्केप किंवा गिंप वापरत असाल तर साध्या मजकुराची एक फाइल करा आणि तिला `gat.gpl` असं नाव द्या:

```
GIMP Palette
Name: Gat
#
27 58 92 Nila
255 248 231 Sai
224 122 31 Naringi
```

इंकस्केपमध्ये ती कुठे ठेवायची ते `Edit > Preferences > System` मधल्या `User palettes` समोर लिहिलेलं असतं. गिंपही हीच फाइल वाचतो.

क्रमांक लिहून ठेवले तरी एक प्रश्न उरतो: कुठला रंग कशावर चालतो? अक्षरामागचा रंग, म्हणजे पायाचा रंग, आणि अक्षराचा रंग यांच्यातला फरक गुणोत्तरात मोजतात. साध्या मजकुराला तो किमान ४.५ : १ आणि मोठ्या ठळक अक्षरांना ३ : १ असावा, असा वेबवरच्या सुलभतेचा प्रचलित निकष आहे. हे मोजणारी पानं मोफत मिळतात, दोन क्रमांक टाकले की उत्तर येतं. आमचा निळा सायीवर साधारण ११ : १ येतो, म्हणजे निर्धास्त. नारिंगी सायीवर जेमतेम २.८ येतो, म्हणजे मोठ्या मथळ्यालाही अपुरा. नारिंगी निळ्यावर साधारण ३.९ येतो, तिथे मोठी अक्षरं चालतात, बारीक नाहीत.

हे आकडे कळेपर्यंत आमच्या पोस्टरवर वेळ आणि तारीख हमखास सायीवर नारिंगीत लिहिलेली असायची, कारण ती महत्त्वाची म्हणून उठावदार रंगात. आणि लोक विचारायचे तेही नेमकं वेळ आणि तारीखच. आता नियम असा आहे: मजकूर निळा किंवा सायीचा. नारिंगी फक्त पट्टीला, रेघेला आणि निळ्या पायावरच्या एखाद्या मोठ्या आकड्याला.

लोगोची मूळ प्रत शोधा

गटातल्या चॅटवरून उचललेला लोगो वापरू नका. तो `JPG` असतो, दर पाठवणीत दाबला जातो, कडांभोवती करडी धूळ दिसते आणि मागची पांढरी चौकट काही जात नाही. ज्याने लोगो केला त्याच्याकडून `SVG` मागा, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न बिघडणारी फाइल. नसेलच मिळत आणि लोगो साधा असेल तर इंकस्केपमध्ये एकदा तो पुन्हा रेखून काढा. एक संध्याकाळ जाईल, पण ते काम पुन्हा करावं लागणार नाही.

लोगोत अक्षरं असतील तर मूळ फाइल वेगळी राखून तिच्या प्रतीवर `Path > Object to Path` करा. त्याने अक्षरांचे आकार होतात आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्याकडेही लोगो तसाच उघडतो. मग `Export` मधून २००० पिक्सेल रुंदीच्या दोन `PNG` काढा: एक निळा, फिक्या पायासाठी, आणि एक सायीच्या रंगाचा, गडद पायासाठी. इंकस्केप मागची जागा पारदर्शक ठेवतो. कॅनव्हाच्या मोफत आवृत्तीत पारदर्शक `PNG` उतरवता येत नाही, म्हणून हे काम इथेच उरकायचं.

लोगोची रुंदी पोस्टरच्या रुंदीच्या एक षष्ठांश, जागा खाली उजवीकडे, चारही बाजूंना त्याच्या अर्ध्या उंचीएवढी मोकळी जागा. ओढून मोठा करताना नेहमी कोपऱ्याने ओढा. बाजूच्या कडेने ओढलं की काही साधनांत तो ताणला जातो, काहींत कापला जातो.

मूळ फाइल

आता कॅनव्हात १०८० × १३५० पिक्सेलची एक फाइल करा. चारही कडांना ८० पिक्सेलची मोकळी जागा सोडा. लोगो १८० पिक्सेल रुंद ठेवून त्याला कुलूप लावा, खालच्या नारिंगी पट्टीलाही. मथळा ११० च्या आसपास, तारीख आणि वेळ ६०, बाकी मजकूर ४०. ४० पेक्षा खाली जाऊ नका. फोनवर हे चित्र साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद दिसतं, तेव्हा ४० ची ओळही बारीकच दिसते. मजकूर मावत नसेल तर आकार कमी करू नका, मजकूर कमी करा. वक्त्याची पूर्ण ओळख चित्रात नको, ती सोबतच्या संदेशात लिहा.

फाइलचं नाव `00-MOOL` ठेवा आणि तिच्यात कधीही थेट काम करू नका. `File > Make a copy` करून प्रतीवर काम करा. ही शिस्त पाळायला सगळ्यांत अवघड जाते. आमच्याकडे एकाने घाईत मूळ फाइलमध्येच मागचा रंग बदलला आणि पुढची दोन पोस्टरं त्याच बदललेल्या रंगात निघाली. म्हणून `SVG`, दोन्ही `PNG`, फॉन्टच्या फाइली आणि क्रमांकांचं एक पान असं सगळं एका सामायिक फोल्डरमध्ये वेगळं जपून ठेवा.

उभ्या स्टोरीसाठी १०८० × १९२० ची वेगळी मूळ फाइल लागते. आपोआप आकार बदलण्याची सोय मोफत आवृत्तीत नाही, आणि असती तरी ओळी नव्याने मांडाव्याच लागल्या असत्या. वर आणि खाली २५० पिक्सेल मोकळे सोडा, तिथे ॲपची बटणं येतात. लोगोही त्या पट्ट्यात नको, तेवढा वर सरकवा.

छापायचं असेल तर A4 ची तिसरी फाइल करा आणि `PDF Print` काढा. पडद्यावरचा नारिंगी कागदावर थोडा मळकट उतरतो, कारण शाईचा पल्ला पडद्यापेक्षा लहान असतो. सगळ्या प्रती छापण्याआधी एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात पाहा.

पाठवण्यापूर्वी

नवं पोस्टर `PNG` म्हणून उतरवा आणि फोनवर आधीच्या पाचांसोबत अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहा. एवढ्या आकारात मजकूर वाचता येणार नाही, पण रंगाचं प्रमाण, पट्टी आणि लोगोची जागा दिसते. सहांतलं एक वेगळं उठून दिसलं तर काय बदललं ते शोधा. बहुधा पायाचा रंग असतो किंवा कोणीतरी मथळा मधोमध घेतलेला असतो. मग पोस्टर पूर्ण आकारात उघडा, तारीख, वार आणि वेळ मोठ्याने वाचा, आणि चॅटवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे चित्र दाबलं जाणार नाही.